रोहूची तळलेली तुकडी की रस्सा? आणि बंगडा आणावा का? (सांगली)

कृष्णाकाठची_सून | रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि कॉलेजला जाणारा मुलगा. दर रविवारी मासे असतात, बहुतेक रोहू, कधी कटला. सासूबाईंची पद्धत ठरलेली. निम्म्या तुकड्या बेसनात बुडवून कढईत तळायच्या आणि निम्म्यांचा खोबरं-तीळ वाटून, कांदा लसूण मसाल्याचा लालभडक रस्सा.

गेल्या महिन्यात ह्यांचा रिपोर्ट आला. ट्रायग्लिसराइड्स वाढलेत, वजन ८४. डॉक्टर म्हणाले मासे खा, तेलकट मासे आठवड्यातून एकदोनदा चांगले, पण तळलेलं बंद. घरी आल्यावर वाद सुरू. हे म्हणतात रस्साच खातो, मनसोक्त. सासूबाई म्हणतात, "तुकडीनं काय होतंय, मासा तो मासाच." आणि मला कळेना की तेलकट मासा खायचा म्हणजे रोहू सोडून बंगडा आणायचा का? मग त्याच्या कॅलरी जास्त नाहीत का होणार? ॲपवर बघितलं तर एका ठिकाणी फिश फ्रायचा पीस ११० लिहिलाय, दुसऱ्या ठिकाणी २५०. विश्वास कशावर ठेवू?

---

खादाड_कराडकर | रविवार, रात्री ९.३२

ताई, सोप्पं आहे. मासा तेल पीत नाही, पीठ तेल पितं. बेसन बंद करा, तांदळाचं पीठ किंवा रवा लावून तव्यावर भाजा. विषय संपला. रस्सा तर काय, पाणीच असतं त्यात. आमच्याकडे कोयनेचा मासा आला की मी सहा सहा वाट्या रस्सा वरपतो.

दुसरं, नदीचा मासा बिनचरबीचा आणि समुद्राचा चरबीचा, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

---

तासगावचा_मामा | रविवार, रात्री ९.५०

आमच्या आजोबांनी आयुष्यभर करडईच्या तेलातली तुकडी खाल्ली, ८८ वर्षं जगले. कॅलरी मोजत बसले असते तर निम्म्यातच गेले असते. जावईबापूंना सकाळी कृष्णेच्या घाटावर चालायला पाठवा.

---

अनुराधा_पुणे | रविवार, रात्री १०.०५

माझ्या मिस्टरांनापण फॅटी निघालंय, ग्रेड १. तर फॅटीला मासे चालतात का? आणि कुठले टाळायचे? आमच्याकडे सुरमई आणतो आम्ही. प्लीज सांगा कुणीतरी.

---

कृष्णाकाठची_सून | रविवार, रात्री १०.११

अनुराधाताई, तुम्ही लिव्हरचं विचारताय. मी माशातल्या चरबीचं विचारतेय. 😀 पण विचारा, इथे कोणीतरी सांगेलच.

मामा, हे सकाळी घाटावर जातात. येताना भडंग घेऊन येतात.

---

वजनकाटा | रविवार, रात्री ११.२०

मी मिरजेचा. तळणीच्या पदार्थांच्या कारखान्यात तेलाचा हिशेब ठेवण्यात नोकरी गेली, म्हणून राहवलं नाही.

कराडकरांचं पहिलं वाक्य निम्मं बरोबर आहे. पीठ तेल पितं हे खरं. पण कसं पितं ते बघा. तुकडी गरम तेलात पडली की पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर धावतं, ते बुडबुडे दिसतात ना, तेच. वाफ बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट नसते. तुकडी बाहेर काढली, ती गार होऊ लागली, की वाफ आवळते आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल पाणी गेलेल्या भोकांतून आत ओढलं जातं. म्हणजे बरंचसं तेल तळताना जात नाही, झाऱ्यातून ताटलीत पडल्यावर जातं. म्हणून तुकडी काढताना झारा कढईवरच दहापंधरा सेकंद धरून, हलवून, निथळून घेणं आणि लगेच कागदावर टिपणं याला अर्थ आहे. पाच मिनिटांनी टिपून उपयोग नाही, तेल आत गेलेलं असतं.

पिठात चिमूटभर सोडा घातला की कवच जाळीदार होतं आणि तेवढं तेल जास्त धरतं. गाड्यावरची तुकडी तळहाताएवढी फुगलेली असते ती त्यानेच. शिवाय सकाळी अर्धकच्ची तळून ठेवलेली आणि गिऱ्हाईक आलं की पुन्हा कढईत, म्हणजे दोनदा. तांदळाचं पीठ बेसनापेक्षा तेल कमी धरतं, तेवढं कराडकरांचं बरोबर.

पण तव्यावरचा रवा म्हणजे हलका, हे जरा तपासून बघा. कढईतलं उरलेलं तेल आपण परत ओतून ठेवतो. तव्यावर चमच्याचमच्याने सोडलेलं तेल परत येतं का? रवा ते सगळं पिऊन टाकतो, मग आपण कडेने अजून सोडतो, परतताना अजून. थोडं थोडं सोडल्यामुळे कमी वाटतं एवढंच.

ताई, ॲपवर भांडण्यापेक्षा एक रविवार वजनकाटा घेऊन बसा. तळायच्या आधी तेलाचं वजन करा, तळून गार झाल्यावर गाळून परत करा. मधला फरक म्हणजे तुमच्या तुकड्यांत गेलेलं तेल. एका ग्रॅम तेलाच्या ९ कॅलरी, एवढं एकच पाठ हवं. रस्स्याचंही करा. रस्सा म्हणजे पाणी, हे मला मान्य नाही. पण मी आधी सांगत नाही, तुम्हीच बघा.

---

बंदरावरचा | सोमवार, सकाळी ७.१५

मी रत्नागिरीचा, माशाच्या धंद्यातला. आंबा घाटातून तुमच्याकडे माल चढतो, त्यातला काही आमचाच.

कराडकरांनू, नदीचा बिनचरबीचा आणि समुद्राचा चरबीचा हे कोणी शिकवलं? बोंबील समुद्राचाच ना? त्यात पाणीच पाणी, चरबी नावाला. सुरमईपण फार चरबीची नाही. उलट तुमच्याकडे बाजारात मिळतो तो पंगास गोड्या पाण्याचा, तळ्यात खाद्य घालून वाढवलेला. त्याचं पोट चिरा, आत पांढऱ्या चरबीचे लपके दिसतात. तोच पंगास सोलून, पोट कापून टाकून फिले करून हॉटेलात येतो तेव्हा एकदम साधा, बिनचरबीचा. मासा तोच.

आणि बंगडा-तारलीचं सांगतो. त्यांचा मोसम असतो. पावसाळ्यात अंडी घालून तारली रोडावते. मग चरायला लागते आणि दिवाळीच्या आगेमागे अशी भरते की तव्यावर टाकली की स्वतःच्या तेलात तडतडते. तीच तारली वेगळ्या महिन्यात खाल्लीत तर कोरडी, चोथट. त्यामुळे तारलीत चरबी किती, असं विचारलं तर मी विचारणार, कुठल्या महिन्यात?

---

वजनकाटा | सोमवार, सकाळी ८.४०

बंदरावरचे, अगदी हेच. म्हणूनच बंगड्याचा एकच आकडा सांगता येत नाही. इंटरनेटवर मॅकरेल शोधलं की १०० ग्रॅमला २०५ कॅलरी येतात. तो अमेरिकेच्या तक्त्यातला अटलांटिक महासागरातला मासा आहे, आपला बंगडा नव्हे. आपल्या जुन्या तक्त्यांत बंगडा शंभराच्या आतबाहेर, म्हणजे जवळपास रोहूएवढाच. भरलेल्या मोसमात त्यात चरबी समजा १० टक्के धरली, तर ९० कॅलरी चरबीच्या आणि पाऊणशे प्रथिनांच्या, मिळून १६५ च्या घरात.

आता ताईंचा प्रश्न. रोहूच्या १०० ग्रॅमला साधारण १००, भरलेल्या बंगड्याच्या १०० ग्रॅमला १६५. फरक ६५. म्हणजे सात ग्रॅम तेल. दोन छोटे चमचेसुद्धा नाहीत. आपण तेवढ्यासाठी मासा बदलावा की नको यावर घरात भांडतो आणि फोडणीची पळी मात्र न बघता ओततो.

---

खादाड_कराडकर | सोमवार, सकाळी ९.०५

पटलं, पंगास विसरलो होतो. पण मग एक सांगा काका. चरबीचा मासा तळला तर त्याची चरबी कढईत वितळून जात असेल ना? म्हणजे बंगडा तळला तर उलट हलका झाला!

---

वजनकाटा | सोमवार, सकाळी ९.४८

वितळून जाते, हे खरं. पण कढई फुकट घेत नाही, बदल्यात आपलं तेल देते. रोहूसारखा कोरडा मासा नुसतं तेल घेतो. बंगडा-तारलीसारखा मासा थोडी चरबी सोडतो आणि थोडं तेल घेतो. वजनाने हिशेब जवळपास तिथेच राहतो, तोटा मात्र होतो. डॉक्टरांनी ज्या चरबीसाठी तो मासा खायला सांगितला, ती काही प्रमाणात कढईत राहिली आणि तिच्या जागी सोयाबीन नाहीतर सूर्यफूल आलं. म्हणून तारली रस्स्यात नाहीतर केळीच्या पानात भाजून बरी. रस्स्यात तिची चरबी सुटली तरी वाटीतच राहते.

---

डाएटवाली_७७ | सोमवार, दुपारी १.३०

एअर फ्रायर घ्या ना! मी वर्षभर त्यातच करते. चमचाभर तेलात होतं.

---

कृष्णाकाठची_सून | सोमवार, दुपारी २.१०

डाएटवाली, नणंदेकडे केलं होतं. बेसन जाळीतून खाली गळलं आणि तुकड्या चिकटल्या. सासूबाईंनी तो प्रकार बघून "हे कापडं वाळवायचं यंत्र हाय का?" विचारलं.

---

डाएटवाली_७७ | सोमवार, दुपारी २.२५

ओलं पीठ नाही चालत त्यात. मसाला लावून ठेवायचा, वरून कोरडं तांदळाचं पीठ आणि ब्रशने तेल. पण हो, ती चव येत नाही हे मान्य. बेसनाची तुकडी ती बेसनाचीच.

---

कृष्णाकाठची_सून | रविवार, रात्री ८.३५

झालं! आज केला प्रयोग. मुलाने आकडे वहीत लिहिले, सासूबाई कपाळाला हात लावून बघत होत्या. सगळं सांगते, लांबण लागेल.

रोहूच्या १६ तुकड्या आणल्या, साफ करून १०४० ग्रॅम. डोकं वेगळं ठेवलं. आठ तळायला, आठ रश्श्याला, दोन्हीकडे ५२० ग्रॅम.

तळण: बेसन ९० ग्रॅम, तांदळाचं पीठ ३०. सोडा घातला नाही. शेवटी भांड्याला साधारण पाचवा हिस्सा पीठ राहिलं, ते वजा केलं. कढईत तेल ६०० ग्रॅम मोजून ओतलं. तळून, गार करून, गाळून ५१२ भरलं. म्हणजे ८८ गेलं. कागद आधी आणि नंतर मोजला, त्यावर ९ ग्रॅम टिपलं गेलं होतं. कढईला-झाऱ्याला चिकटलेलं थोडं सोडून ७५ धरलं. ७५ ग्रॅम म्हणजे ६७५ कॅलरी. पिठाच्या ३५५. माशाच्या, खाऊन झाल्यावर काटे मोजून वजा केले तर, ४५० च्या आसपास. एकूण १४८०. आठ तुकड्या, एकीला १८५. त्यातला मासा फक्त ५६!!

मला वाटलं जिंकले मी. मग रस्सा मोजला.

फोडणीला सासूबाई नेहमी घालतात तसंच घालू दिलं, फक्त तेलाची बाटली आधी-नंतर काट्यावर ठेवली. अडीच पळ्या, ७० ग्रॅम. सुकं खोबरं ५०, तीळ १०, दोन मोठे कांदे, घरचा मसाला दोन चमचे, आलं-लसूण-टोमॅटो. मुलाने बेरीज केली: तेल ६३०, खोबरं ३३०, तीळ ५७, कांदा ९०, मसाला ७५, बाकी ३०. झाले १२१२. त्यात मासा ४५०. एकूण १६६२.

रस्सा तळलेल्यापेक्षा जास्त!! मुलाने दोनदा बेरीज केली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मी म्हनत हुते न्हवं."

हे गप्प. कारण मनसोक्त रस्सा खायचा ठराव ह्यांचाच होता.

---

खादाड_कराडकर | रविवार, रात्री ८.५०

सहा वाट्या. मी सहा वाट्या खातो हो. 🙏

---

तासगावचा_मामा | रविवार, रात्री ८.५८

सासूबाईंना नमस्कार सांगा.

---

वजनकाटा | रविवार, रात्री १०.३०

ताई, मोजमाप फार छान केलंत. कागद मोजायचा मलाही सुचला नसता.

पण निकाल अजून लागलेला नाही. पातेल्याची बेरीज वेगळी आणि ताटाची वेगळी. तळलेल्या तुकडीतलं तेल तुकडीतच आहे, ते मागे ठेवता येत नाही. (कवच सोलून खाल्लं तर गोष्ट वेगळी, पण मग तळायचं कशाला.) रश्श्याच्या तुकडीला चिकटून येतं ते थोडं, बाकी सगळं पातेल्यात. आठ तुकड्या आठ जणांनी भरल्या वाटीसकट खाल्ल्या तर एकाला २०७. नुसती तुकडी निथळून घेतली तर माझ्या अंदाजाने शंभराच्या आत. त्यामुळे रस्सा हलका की जड याचं उत्तर पळीत आणि वाटीत आहे.

दुसरं, तुमच्या ॲपचा घोळ. पीस लिहिला तरी ॲपमागचा तक्ता बहुतेक १०० ग्रॅमला बोलतो. तळताना पाणी उडून जातं म्हणून १०० ग्रॅम तळलेली तुकडी म्हणजे कच्च्या माशाचा मोठा तुकडा आणि पीठ आणि तेल. रश्श्यात आपण पाणी ओतलेलं असतं म्हणून १०० ग्रॅम रस्सा नेहमी हलका दिसतो. जेवढं पाणी जास्त तेवढा आकडा खाली, पातेल्यातलं तेल आहे तेवढंच. म्हणून १०० ग्रॅमची तुलना सोडा, तुकडीची करा.

एक अजून करून बघता येईल. रस्सा उतरवल्यावर न ढवळता वीस मिनिटं ठेवा. तर्री वर येऊन लाल थर धरते. पळी आडवी टेकवून वरचा थर एका वाटीत काढा, वाटीत पाणी खाली बसेल, वरचं तेल मोजा.

---

बंदरावरचा | सोमवार, सकाळी ६.५०

तर्री काढून टाकायची म्हणजे रस्स्याचा रंगच काढायचा. आमच्या ओल्या नारळाच्या कालवणात फोडणीला तेल चमचाभरच असतं, त्यामुळे हा प्रश्नच नाही.

---

वजनकाटा | सोमवार, सकाळी ७.३०

फोडणीचं तेल कमी, मान्य. पण तुमच्या वाटणात नारळ किती? तोही चरबीच आहे, फक्त वर तरंगून दिसत नाही, दुधात मिसळलेला असतो. आमची तर्री निदान दिसते तरी.

---

बंदरावरचा | सोमवार, सकाळी ७.४४

अर्धा नारळ. कधी पाऊण. बरं, नाही बोलत. 😅

---

अनुराधा_पुणे | सोमवार, सकाळी १०.२०

म्हणजे फॅटी लिव्हरला तळलेली सुरमई नको, एवढं कळलं. कालवणाचं तेलही मोजून घालेन. पण फॅटी मासा चालेल का हे कुणी सांगितलंच नाही.

---

वजनकाटा | सोमवार, सकाळी ११.००

अनुराधाताई, माशातली चरबी खाल्ली म्हणून ती जाऊन लिव्हरात बसते असं नाही, नाव सारखं असल्याने घोटाळा होतो. किती आणि काय खायचं ते मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. मी तेलाचा माणूस, लिव्हरचा नव्हे.

---

कृष्णाकाठची_सून | बुधवार, रात्री ९.४०

आज पुन्हा रस्सा केला. तेल तेवढंच, ७० ग्रॅम, म्हणजे तुलना होईल. वीस मिनिटं ठेवला, वरची तर्री काढली. वाटीत पाणी खाली बसलं, वरचं तेल ३८ ग्रॅम निघालं. म्हणजे ३४२ कॅलरी बाहेर. आठ तुकड्या, आठ वाट्या केल्या तर एकीला २०७ ऐवजी १६५. तळलेल्या तुकडीच्या खाली आला.

मजा म्हणजे तर्री काढूनही रंग होता, फक्त चकाकी गेली. ह्यांना चव कळली नाही. सासूबाईंना बघूनच कळली. "पाण्यात मिरचीपूड" म्हणाल्या. त्यांनी काढलेली तर्री स्वतःच्या वाटीत परत ओतून घेतली. त्यांचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, काय बोलणार.

त्याआधी एकदा फोडणीच मुळात २५ ग्रॅमवर आणायचा प्रयत्न केला होता. वाटण खाली लागलं, खोबऱ्याला करपट वास आला आणि तो रस्सा कोणी खाल्ला नाही. तर्री नंतर काढणं आम्हाला जास्त जमतंय.

---

सुगरण_विटा | बुधवार, रात्री १०.०५

वाटण लागतं कारण तेल कमी आणि पातेलं पातळ. खोबरं-तीळ कोरडेच तव्यावर भाजून घ्या, कांदा आख्खा गॅसवर भाजा, मग वाटा. मग फोडणीत परतायला तेल कमी लागतं. लागायला लागलं की चमचाभर गरम पाणी शिंपडा. जाड बुडाची कढई घ्या. मी ३० ग्रॅमपर्यंत येते, तर्री थोडी तरी सुटते. खोबरं कमी केलं तर पाणचट होतं, तिथं मी हात आखडत नाही.

---

कृष्णाकाठची_सून | गुरुवार, दुपारी १२.१५

सुगरण, हे करून बघते रविवारी. खोबरं कमी करायचं म्हटलं तर घरात बंड होईल, त्यामुळे तेच बरं.

आणि बंगड्याचं ठरलं. आठवड्यातून एकदा बंगडा किंवा तारली, रश्श्यातच. बंदरावरचे, सांगलीत येईपर्यंत ताजी कशी ओळखायची?

---

बंदरावरचा | गुरुवार, दुपारी १.०५

तारलीचं पोट दाबा. घट्ट हवं. चरबीचा मासा लवकर बिघडतो, पोट आधी मऊ पडतं आणि फाटतं. पोट फाटलेली, डोळे आत गेलेली तारली कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नका. बर्फ नुसता वर टाकलेला असला तर खालच्या थरातली काढून दाखवायला सांगा. चरबीचा वास खवट झाला की मग कुठलाच मसाला झाकत नाही. रोहू एक दिवस इकडेतिकडे चालून जातो, तारली नाही. तुमच्याकडे सकाळी गाडी लागते तेव्हाच जा.

---

खादाड_कराडकर | गुरुवार, रात्री ९.१८

मीपण मोजलं. रवा लावून तव्यावर, चिलापीच्या सहा तुकड्या. तेलाची बाटली काट्यावर ठेवून. ४८ ग्रॅम गेलं आणि तव्यावर शेवटी चमचाभर राहिलं. म्हणजे तुकडीला सात ग्रॅम. ताईंच्या कढईत एकीला नऊ सव्वानऊ. फरक आहे, पण मी समजत होतो तेवढा नाही. काका, माघार घेतो. रवा मात्र सोडणार नाही.

---

वजनकाटा | गुरुवार, रात्री ९.५५

चिलापीची तुकडी लहान असते, ताईंची रोहूची ६५ ग्रॅमची होती. तुकडीला न मोजता १०० ग्रॅम कच्च्या माशाला मोजा, मग बघू फरक कुठे जातो.

---

खादाड_कराडकर | गुरुवार, रात्री १०.०२

कच्च्याचं वजन करायचं राहिलं. 🤦

---

कृष्णाकाठची_सून | रविवार, दुपारी ३.२०

काका, एक गडबड झालीय. परवाच्या हिशेबात.

गेल्या रविवारी गाळून ठेवलेलं ते ५१२ ग्रॅम तेल आठवतंय? आज रस्सा करताना शोधलं तर डब्यात जेमतेम १५० उरलंय. सासूबाईंना विचारलं. त्याच रात्री रोहूच्या डोक्याचं कालवण त्यातच केलं, नंतर अंड्याची पोळी, दोडक्याची भाजी, सगळं त्यातच. "टाकून द्याचं व्हय ते? माशाचा वास लागलेला, भाजीला चव येती." दोडक्याला परवा माशाचा वास येत होता तो मला भास वाटला होता.

आता परत आलेलं तेल घरातल्याच पोटात गेलं, तर तळणीचा हिशेब ७५ ग्रॅमचा धरायचा की ६०० चा?

---

वजनकाटा | रविवार, दुपारी ४.०५

😀 तुकड्यांचा ७५ चाच. बाकीचं दोडक्याच्या खात्यावर लिहा. ते नसतं तर दोडक्याला नवं तेल पडलंच असतं. फक्त एकदा पीठ जळून काळपट झालेलं तेल पुन्हा तळणीला तापवू नका, फेस यायला लागला की ते संपलं. आणि पुढच्या वेळी कढईत ६०० ऐवजी छोट्या खोलगट कढईत ३०० घ्या, तुकड्या दोन दोनच सोडा. जास्त सोडल्या की तेल गार पडतं, पीठ उशिरा आवळतं आणि तुकडी तेलकट होते.

---

कृष्णाकाठची_सून | रविवार, दुपारी ४.३०

छोटी कढई सासूबाईंच्या माहेरची आहे, पितळेची. मागून बघते.